दूरदर्शी, परिणामाभिमुख आणि गळका

"दूरदर्शी, परिणामाभिमुख आणि ध्येयवेडं क्वालिटी नेतृत्व. उत्पादन क्षेत्रात आमूलाग्र परिवर्तन घडवण्याचा ध्यास घेतलेलं व्यक्तिमत्त्व." हा मी. म्हणजे लिंक्डइनवरचा मी. प्रत्यक्षात मी चाकणच्या एका कारखान्यात अॅल्युमिनियमचे डाय कास्टिंगचे भाग गळतात का ते बघतो. पण असं लिहिलं तर कोण वाचणार, या भीतीपोटी मी वरचा मजकूर इंग्रजीत टाकला होता आणि एका उद्योजक मेळाव्यासाठी त्याचं मराठी करून आरशासमोर घोकत होतो. आतल्या खोलीतून आईने विचारलं, "कोण गेलं रे?"

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. एखाद्याला एका दमात दूरदर्शी, ध्येयवेडा आणि व्यक्तिमत्त्व म्हणायचं, तर आपल्याकडे तो माणूस हयात नसावा लागतो. समर्थांनीही दासबोधात मूर्खांची लक्षणं सांगताना स्वतःची स्तुती करणाऱ्याला त्यात बसवलंय आणि वाडवडिलांची कीर्ती सांगत फिरणाऱ्यालाही. माझ्या परिचयात दोन्हींची सोय होती, कारण तिसरी ओळ होती कंपनीच्या वार्षिक उलाढालीची. त्या उलाढालीत माझा वाटा एवढाच की दर महिन्याच्या 7 तारखेला पगार घेऊन मी ती थोडी कमी करतो.

मेळावा पिंपरीतल्या एका हॉटेलात होता. प्रत्येकाला तीस सेकंद. सूत्रसंचालकाच्या हातात पूजेतली घंटा, वेळ संपली की वाजवायची. तीस सेकंदांत शांतपणे बोललं तर साठ-सत्तर शब्द बसतात. मी दीडशे आणले होते, त्यामुळे लोकलमध्ये पुढचं स्टेशन सांगतात त्या वेगाने मी सुटलो. "संपूर्ण प्लांटचं रिजेक्शन चाळीस टक्क्यांनी खाली आणलं, पन्नास जणांच्या टीमचं नेतृत्व केलं..." घंटा वाजली. टाळ्या पडल्या. बसणार इतक्यात पहिल्या रांगेतल्या एका वयस्क फाउंड्रीवाल्यांनी चष्मा वर केला.

"चाळीस टक्क्यांनी म्हणालात. आधी किती होतं?"

"सहा टक्के."

"मग आता उणे चौतीस?"

सभागृह हसलं. मीही हसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून ओळखीचा आवाज आला. आमच्याच कारखान्यातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले टूलरूमचे साहेब, आता स्वतःचं वर्कशॉप टाकून बसलेले. "अहो, पण त्या भागाची नवी डाय आम्ही बनवून दिली होती ना, त्याच वर्षी?" त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा अजिबात नव्हता. त्यांना फक्त आठवलं होतं. कुचक्या माणसाला उत्तर देता येतं, निरागस माणसापुढे माणूस गारद होतो.

या प्रसंगातून मी धडा घेतला, पण भलताच. फुशारकी मारली की फजिती होते, तेव्हा यापुढे नम्र व्हायचं असं मी ठरवलं, आणि आपल्याला नम्र व्हायचं म्हटलं की आपण थेट नाहीसेच होतो. पुढच्या मेळाव्यात उभा राहिलो आणि म्हणालो, "नमस्कार. मी एका कास्टिंग कंपनीत असतो. क्वालिटीचं थोडंफार बघतो. विशेष असं काही नाही." वीसेक सेकंद उरली होती, ती मी हात जोडून काढली. घंटा वाजवायची वेळच आली नाही.

चहाच्या वेळी आयोजकांपैकी एक तरुण माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, मागच्या चार खुर्च्या जरा पुढे घेता का?" मी घेतल्या. नम्र माणूस नाही कसं म्हणणार? खुर्च्यांचं एक वेळ सोडा. त्या दिवशी माझ्या शेजारच्या खुर्चीत भोसरीचे एक कारखानदार बसले होते. त्यांच्या गिअरबॉक्सच्या झाकणांतून तेल झिरपत होतं आणि ग्राहक माल परत पाठवत होता, हे मला पुढे दुसऱ्याच कुणाकडून कळलं. त्यांनी त्यासाठी बाहेरचा सल्लागार नेमला होता. झिरपणारं कास्टिंग हा माझा सगळ्या जन्माचा विषय. तासभर आम्ही मांडीला मांडी लावून बसलो होतो, त्यांनी मला समोशाची चटणी पुढे केली, मी थँक्यू म्हणालो, आणि एवढ्यावर आमचा औद्योगिक संवाद संपला.

मग मी मधला मार्ग शोधला. मधला म्हणजे बढाई आणि विनय यांचं एकत्र कालवण. लिंक्डइनवर लिहिलं, "एवढ्या मोठ्या व्यासपीठावर मला बोलावलं जातं तेव्हा खरंच प्रश्न पडतो, आपली तेवढी पात्रता आहे का? नतमस्तक." सोबत फोटो. फोटोत मागे मेळाव्याचा फलक आणि पुढे नतमस्तक न झालेला मी. खाली अठरा जणांनी अभिनंदन केलं, त्यातले बरेचसे आमच्याच खात्यातले, म्हणजे त्यांना पर्याय नव्हता.

रविवारी धाकटी मेहुणी जेवायला आली. ती गेली बारा वर्षं कंपन्यांसाठी माणसं निवडायचं काम करते, दिवसाला शेकड्याने परिचय डोळ्यांखालून घालते आणि त्यामुळे तिचा मानवजातीवरचा विश्वास बेताचाच आहे. पुरणपोळीवर तूप घेत ती म्हणाली, "भाऊजी, ते नतमस्तक काढा. त्याच्यापेक्षा आधीची बढाई बरी होती." मला वाटलं चेष्टा करतेय. पण तिने सांगितलं की यावर चक्क अभ्यास झालाय. 2018 साली मानसशास्त्राच्या एका नामांकित अमेरिकी नियतकालिकात तो आला. विनयाच्या आडून बढाई मारणारा माणूस सरळ बढाई मारणाऱ्यापेक्षाही लोकांना कमी आवडतो, कारण बढाई तर कळतेच, वर हा माणूस लपवतोय हेही कळतं. "म्हणजे तुम्ही एका पोस्टमध्ये दोन गुन्हे केलेत," असं म्हणून तिने लाल पेन मागितलं. आमच्या हिने ते इतक्या तत्परतेने आणून दिलं की बहिणींचं आधीच ठरलं होतं अशी मला शंका आहे.

पहिल्यांदा तिने विशेषणं खोडली. सरसकट नाही, तिची एक कसोटी होती. जे विशेषण दुसऱ्या कुणी आपल्याला लावलं तरच शोभतं, ते आपण लावायचं नाही. दूरदर्शी, ध्येयवेडा, प्रेरणादायी, सगळे गेले. "लग्नाच्या बायोडेटात प्रत्येक मुलगी मनमिळाऊ असते," ती म्हणाली. "त्या शब्दावरून कुणी आजवर मुलगी पसंत केली आहे का?" तिच्या मते या शब्दांनी बढाई वाटते हा किरकोळ तोटा. मोठा तोटा हा की ते वाचून काहीच कळत नाही. तेच शब्द बँकवाल्याच्या, योगशिक्षकाच्या आणि फ्लॅट विकणाऱ्याच्या परिचयात जसेच्या तसे बसतात. खोडून झाल्यावर माझ्या पहिल्या परिच्छेदात "क्वालिटी" आणि "आहे" एवढे दोन शब्द शिल्लक होते.

मग ती चाळीस टक्क्यांवर आली आणि तिथे जवळजवळ तासभर रेंगाळली. "कशाचे, किती होते, किती झाले, किती दिवसांत, आणि कुणी केलं?" तिने पाच बोटं मोजली. मी उत्तरं देऊ लागलो आणि माझं मलाच नवल वाटू लागलं, कारण मी स्वतःही हे कधी नीट मांडलं नव्हतं.

प्रकरण असं होतं. आमच्याकडे वॉटर पंपाचं एक हाउसिंग बनतं. मशीनिंग झाल्यावर त्यात हवा भरून गळती तपासतात. दर हजार नगांमागे 60 गळके निघायचे. आठ महिन्यांनी ते 36 वर आले. साठातले चोवीस कमी झाले म्हणजे चाळीस टक्के घट, हा हिशोब बरोबरच आहे. पण ऐकणाऱ्याला वाटतं शंभरातले चाळीस नग वाचवले, आणि वाचले शंभरात दोन-अडीच. शिवाय हे संपूर्ण प्लांटचं नव्हतंच. आमच्याकडे असे तीसेक भाग बनतात, त्यातला हा एक. "संपूर्ण" हा शब्द कुठून आला, असं तिने विचारलं. तो वाक्याला वजन यावं म्हणून आला होता.

"आणि तुम्ही नेमकं काय केलंत?"

हा प्रश्न अवघड. कारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात टूलरूमने खरोखरच नवी डाय दिली होती, आणि सुधारणेतला काही हिस्सा तिचा होता. किती, हे वेगळं काढायला मला त्या वेळी सुचलं नाही. मग मी काय केलं? आठवायला लागलो तेव्हा आठवला तो कागद. गळका नग पाण्यात बुडवून दाबाने हवा सोडली की बुडबुडे कुठून येतात ते दिसतं. त्या हाउसिंगचं चित्र मी मोठ्या कागदावर काढून टेबलाशेजारच्या भिंतीला चिकटवलं आणि तपासणाऱ्या मुलांना सांगितलं, बुडबुडा जिथून आला तिथे लाल ठिपका द्या. रोजचं रजिस्टर वर्षानुवर्षं भरलं जात होतं, पण त्यात फक्त "गळका" एवढंच असायचं. दोन आठवड्यांत एका कोपऱ्यात ठिपक्यांची इतकी गर्दी झाली की खालची रेघ दिसेना. बाकी सगळं चित्र जवळपास कोरं.

तो कोपरा गेटपासून सगळ्यात लांबचा होता, म्हणजे वितळलेलं अॅल्युमिनियम डायमध्ये शिरतं तिथून शेवटी पोचणारा. डायमधली हवा धातूच्या पुढे ढकलली जाते आणि बारीक चिरांतून, ज्यांना आम्ही व्हेंट म्हणतो, बाहेर पडते. चिरा बुजलेल्या असतील तर हवा आतच अडकते, धातूत पोकळ्या राहतात, वरून भाग चकचकीत दिसतो आणि आतून झिरपतो. व्हेंट कधी साफ होतात असं मी मशीनवरच्या मामांना विचारलं. ते म्हणाले, "डाय खाली उतरली की. मधे कोण थांबवतंय मशीन?" डाय उतरायची कधी आठवड्याने, कधी त्याहून उशिरा. दर पाळीला थांबवून साफ करू या, ही सूचनाही मामांचीच. माझं काम एवढंच की त्यासाठी लागणारी पंधरा मिनिटं मी प्रॉडक्शनच्या साहेबांकडून भांडून मिळवली. ज्यांनी प्रॉडक्शनच्या साहेबांकडे पंधरा मिनिटं मागून पाहिली आहेत, त्यांना या पराक्रमाची उंची कळेल.

मेहुणी ऐकत होती. तिने पेन खाली ठेवलं. "भाऊजी, हे तुम्ही कुठेच लिहिलं नाहीये. ठिपक्यांचा कागद. हेच तर तुमचं काम आहे." मी म्हणालो, त्यात काय मोठंसं. ती म्हणाली, तुमची अडचण हीच आहे, जे केलं नाही ते तुम्ही मोठं करून सांगता आणि जे केलं ते तुम्हाला सांगण्यासारखंच वाटत नाही.

पन्नास जणांच्या नेतृत्वाचा निकाल झटपट लागला. खात्यात आम्ही अकरा. उरलेले एकोणचाळीस महिन्यातून एकदा गुणवत्तेची शपथ घ्यायला माझ्यासमोर उभे राहतात आणि माझ्याआधी "घेतो" म्हणून मोकळे होतात.

आता खोडायचं तेवढं खोडून झालं होतं, पण मला परत "थोडंफार बघतो"ची उबळ आली. मी लिहिलं, "या यशात माझा वाटा खारीचा." मेहुणीने तेही उडवलं. तिचं म्हणणं, वाटा नेमका सांगितला की तो लहान आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. टूलरूमचं नाव घ्या, मशीनवरच्या लोकांचं घ्या, पण पुढच्याच वाक्यात तुमचं काम काय होतं ते न अडखळता सांगा. "आम्ही केलं" एवढंच म्हणून थांबलात तर ऐकणाऱ्याला वाटतं तुम्ही बाजूला उभे होतात. तिच्याकडे मुलाखतीला येणारी चांगली चांगली माणसं इथेच मार खातात, समोरचा शेवटी विचारतो की तुम्ही त्यात कोण, आणि ते परत संघभावनेवर बोलू लागतात.

आणखी एक गोष्ट तिने घालायला लावली जी मला कधीच सुचली नसती. काय येत नाही ते. माझ्या बाबतीत मशीनिंग. कास्टिंग तासल्यावर आतली पोकळी उघडी पडून गळती सुरू होते तिथपर्यंत मला कळतं, त्या पुढचं टूल, फीड, स्पीड यात मी जुजबी. हे लिहिलं तर लोक पळतील अशी माझी भीती. ती म्हणाली, उलट एक गोष्ट येत नाही म्हणालात की उरलेल्यावर विश्वास बसतो. मात्र एकच लिहा, यादी करू नका. माझी यादी करायची तयारी होती.

जागेचाही हिशोब असतो. लिंक्डइनवर नावाखालच्या हेडलाइनला 220 अक्षरं मिळतात आणि सविस्तर परिचयाला 2,600, मोकळ्या जागा धरून. मी दोन्ही काठोकाठ भरले होते, मोफत मिळालेली जागा वाया घालवणं संस्कारात नाही म्हणून. पण परिचयाच्या पहिल्या काही ओळीच दिसतात, पुढचं वाचायला बोट लावावं लागतं, आणि हेडलाइनही ठिकठिकाणी अर्धीच दिसते. माझ्या अर्ध्या हेडलाइनमध्ये "दूरदर्शी, परिणामाभिमुख" एवढंच यायचं. म्हणजे हा माणूस ज्योतिषी आहे की पुढारी, हे शोधायलाही एक क्लिक लागायचा.

सरतेशेवटी जे उरलं ते असं. हेडलाइन: "क्वालिटी इंजिनिअर. अॅल्युमिनियम डाय कास्टिंगमधली गळती शोधतो. चाकण." आणि खाली: "कास्टिंग का गळतं हे मी गेली अठरा वर्षं शोधतोय. आमच्या एका वॉटर पंप हाउसिंगमध्ये हजारी 60 गळके नग निघत होते. टूलरूमने दिलेली नवी डाय, मशीनवरच्या लोकांनी सुचवलेली व्हेंटची साफसफाई यांमुळे आठ महिन्यांत ते 36 वर आले. गळती नेमकी कुठून होते याचा नकाशा तयार करून कारणापर्यंत पोचणं हे माझं काम होतं. मशीनिंगचं मला जुजबी कळतं. तुमचं कास्टिंग गळत असेल तर बोलायला आवडेल."

प्रसिद्ध करण्याआधी मेहुणीने शेवटची अट घातली. हे टूलरूमच्या साहेबांना वाचून दाखवायचं. ज्या कामाबद्दल लिहिलंय, त्या कामावर बरोबर असलेल्या माणसासमोर मोठ्याने वाचता आलं पाहिजे. कुठे आवाज आपोआप खाली गेला तर तिथे बढाई आहे, आणि समोरचा "अहो, ते पण सांगा ना" म्हणाला तर तिथे उगाच संकोच आहे. मी फोन लावला. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ते पंधरा मिनिटांचं भांडण का नाही घातलंत?" ते मी घातलं नाही, कारण प्रॉडक्शनचे साहेब अजून नोकरीत आहेत.

पुढच्या मेळाव्यात हेच बोललो. एवढं बोलायला तीस सेकंद पुरतात आणि श्वासही घेता येतो. टाळ्या आधीपेक्षा बऱ्याच कमी पडल्या, हे मान्य केलं पाहिजे. पण जेवणाच्या रांगेत एका गृहस्थांनी मला गाठलं. साताऱ्याचे. त्यांच्याकडे एका भागाची गळती अचानक दुप्पट झाली होती. मी विचारलं, गळके नग परत तपासले तर परत गळतात का? ते म्हणाले, अर्धेअधिक पास होतात. मग कास्टिंग बघायच्या आधी तपासणीच्या फिक्स्चरची रबरी सील बघा, म्हटलं. सील झिजली की हवा भागातून नाही, सीलमधून निसटते आणि चांगला नगही गळका ठरतो. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. सील बदलली, आकडा जागेवर आला. फार आनंदात होते. म्हणाले, "साहेब, तुमची फी सांगा."

आणि मी म्हणालो, "छे हो, फी कसली!"

मेहुणी तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाही. तिचं म्हणणं, परिचय सुधारला, माणूस तसाच राहिला. तरी वाचकांपैकी कुणाला समोरच्याच्या डोळ्यांत बघून, आवाज खाली न नेता स्वतःच्या फीचा आकडा सांगता येत असेल, तर त्यांनी कृपया मला कळवावं. तीस सेकंदांत बसेल असं असावं.